पीओ, जीआरएन आणि बिल: एकाच ऑर्डरच्या नऊ ओळी एक्सेप्शन रिपोर्टमध्ये का येतात?

बोरिवली_स्लो
आमचं ऑफिस अंधेरीला, गोदाम भिवंडीला. मी अकाउंट्समध्ये पार्टीची बिलं बघतो. दोन महिन्यांपूर्वी आयटीवाल्यांनी एक रिपोर्ट चालू करून दिला. रोज सकाळी साडेनऊला मेलवर येतो. पर्चेस ऑर्डर, माल आल्यावर गोदामाने केलेली नोंद म्हणजे जीआरएन, आणि पार्टीचं बिल असे तीन आकडे शेजारी ठेवतो, आणि जिथे जुळत नाही ती ओळ लाल करतो. कल्पना उत्तम. त्याआधी हेच काम आम्ही तिघं जण पट्टी आणि पेन्सिल घेऊन करायचो.

आता अडचण. रोज तीन-चारशे लाल ओळी येतात. उघडून बघावं तर बहुतेक ठिकाणी काही गडबडच नसते, माल आलेला असतो आणि बिल बरोबर असतं. त्यामुळे हळूहळू सगळ्यांनी लाल रंगाकडे बघणंच सोडलंय. साहेब म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, तुम्ही लोक वापरत नाही.

प्रश्न असा, की तुमच्याकडे हा रिपोर्ट कसा लावलाय? आणि एकाच ऑर्डरच्या नऊ-नऊ ओळी येतात, ते कशामुळे?

चहाबिस्किट
साहेबांना सांगा, लाल ओळी जास्त असतील तर रंग बदला. हिरवा करा. महिन्याभरात प्रमोशन.

सावंतवाडीकर
मी पर्चेसला आहे. तुमच्या सिस्टीममध्ये टॉलरन्स शून्य ठेवलेला दिसतोय, म्हणून हे होतंय. आमच्याकडे सरळ 5 टक्के ठेवलाय. दर असो की नग, 5 टक्क्यांच्या आत असेल तर बिल आपोआप पास. लाल ओळी एकदम कमी झाल्या. बारीकसारीक फरकांसाठी पार्टीशी भांडत बसायला वेळ कुणाला आहे?

निखिल_डेटा
टॉलरन्सचं नंतर बघू. मला ते 'नऊ' खटकतंय. अशी एखादी ऑर्डर उघडून सांगाल का, माल किती खेपांत आला आणि बिलं किती? तीन खेपा आणि तीन बिलं असतील, तर दुखणं कुठे आहे ते मी इथूनच सांगतो.

अण्णा_डोंबिवली
याला सोपा उपाय आहे. जीएसटी पोर्टलवरून पार्टीने दाखवलेल्या बिलांची यादी, म्हणजे 2बी, उतरवून घ्या आणि खरेदीच्या रजिस्टरशी जुळवा. आमच्या सोसायटीचे सीए तसंच करतात. पार्टीने रिटर्न भरलं नसेल तर तिथेच कळतं.

मंजिरी_सीए
अण्णा, ते वेगळं काम. 2बी मध्ये एवढंच दिसतं की पार्टीने बिल सरकारदरबारी दाखवलंय. माल तुमच्या गोदामात उतरला की नाही, आणि ठरल्या भावाने लावलाय की नाही, हे पोर्टलला माहीत नसतं. 2बी शी तंतोतंत जुळणारं बिल न आलेल्या मालाचंही असू शकतं. दोन्ही तपासण्या कराव्या लागतात, एक केली म्हणून दुसरी सुटत नाही.

बोरिवली_स्लो
@निखिल_डेटा, तुम्ही ज्योतिषी आहात काय? ही घ्या ऑर्डर.

पुठ्ठ्याचे खोके, 10,000 नग, दर 18.50, एकूण 1,85,000, जीएसटी वेगळा. पार्टी वसईची. माल तीन खेपांत आला: 4,000, मग 3,500, मग 2,500. बिलंही तीन, त्याच आकड्यांची. रिपोर्टमध्ये या ऑर्डरच्या नऊ ओळी आहेत. तीन ओके, सहा लाल. पहिल्या लाल ओळीत बिल 4,000 आणि जीआरएन 3,500 दाखवतोय. अरे, पण 4,000 चं जीआरएन त्याच्याच वरच्या ओळीत आहे की!

निखिल_डेटा
तेच. तीन गुणिले तीन नऊ. रिपोर्ट लिहिणाऱ्याने बिलांचं टेबल आणि जीआरएनचं टेबल फक्त ऑर्डर नंबर आणि ओळ नंबर यांवर जोडलंय. एका ऑर्डरची एकच खेप आणि एकच बिल असेल तोवर हे चालतं. टेस्टिंगला बहुधा तसाच डेटा दिला असणार, म्हणून कुणाला कळलं नाही. तीन-तीन झाले की प्रत्येक बिल प्रत्येक जीआरएनशी जोडलं जातं. त्यातल्या तीन जोड्या खऱ्या, बाकी सहा निरर्थक. चार खेपा आणि चार बिलं असतील तर सोळा ओळी येतील आणि त्यातल्या बारा लाल. म्हणजे जी पार्टी नियमित थोडा थोडा माल देते, तीच तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात बदनाम.

शिवाय खाली बेरीज असेल तर तीही फुगलेली असणार. या ऑर्डरला ती 10,000 ऐवजी 30,000 नग दाखवेल. बघा एकदा.

उपाय असा की जोडण्याआधी दोन्ही बाजूंची बेरीज करायची. जीआरएनची बाजू अशी:

```
SELECT po_no, line_no, SUM(grn_qty) AS grn_qty
FROM grn
GROUP BY po_no, line_no
```

बिलांचं असंच करायचं, आणि मग ते दोन निकाल जोडायचे. एका ऑर्डर-ओळीची एकच ओळ येईल. तुमच्या आयटीवाल्याला एवढं दाखवलंत तरी तो समजेल. शिव्या घालू नका, हे सगळ्यांकडून होतं.

बोरिवली_स्लो
बेरीज बघितली. 30,000 च आहे. मघाचं ज्योतिषी मागे घेतो, तुम्ही डॉक्टर आहात.

कोपरखैरणे_लोकल
आयटीच्या नादी कशाला लागता? डेटा एक्सेलला काढा आणि व्हीलूकअप मारा. मी पाच वर्षं तेच करतोय.

निखिल_डेटा
व्हीलूकअप पहिलं सापडलेलं जीआरएन आणतो आणि तिथेच थांबतो. वरच्या ऑर्डरला तिन्ही बिलांसमोर 4,000 च येईल. नऊ ओळींऐवजी तीन होतील हे खरं, पण दुसरं आणि तिसरं बिल कायम चुकीचं दिसेल. एक्सेललाच करायचं असेल तर SUMIFS वापरा:

```
=SUMIFS(Inv[Qty],Inv[PO],[@PO],Inv[Line],[@Line])
 -SUMIFS(Grn[Qty],Grn[PO],[@PO],Grn[Line],[@Line])
```

उत्तर शून्याच्या वर आलं, तर मालापेक्षा बिल जास्त.

कोपरखैरणे_लोकल
पाच वर्षं म्हणालो ते जरा विसरा.

खतावणी
इंटर्नल ऑडिटमध्ये बराच काळ घालवलाय, म्हणून एक विचारतो. तुमच्या रिपोर्टमध्ये जीआरएनचा जो आकडा येतो, तो 'आलेला' माल आहे की 'स्वीकारलेला'? बहुतेक सिस्टीममध्ये दोन रकाने असतात. गाडीतून उतरला किती, आणि तपासून ठेवून घेतला किती. निखिल यांच्या क्वेरीत नुसतं grn_qty आहे, त्यावरून काही कळत नाही.

वरच्या तीन खेपांची गोदामाची मूळ कागदपत्रं मागवा. रिपोर्ट ज्या ओळींना ओके म्हणतो, त्याच आधी तपासायची मला खोड आहे. लाल ओळीला निदान कुणीतरी बघतं. ओके म्हटलेली ओळ थेट पेमेंटला जाते.

निखिल_डेटा
+1. तो रकाना मी गृहीत धरला होता, विचारायला हवं होतं.

बोरिवली_स्लो
खतावणीसाहेब, तुमचे पाय कुठे आहेत?

गोदामातून स्कॅन मागवले. तिसरी खेप जुलैमधली. ताडपत्री नीट बांधलेली नव्हती, वरचे खोके भिजले. आले 2,500, स्वीकारले 2,450, रिजेक्ट 50. इन्स्पेक्शनच्या शिक्क्यासकट कागदावर लिहिलंय, सिस्टीममध्येही टाकलंय. पण रिपोर्ट 'आलेला' रकाना उचलतो. बिल 2,500 चं, आलेला माल 2,500, ओके. 50 खोक्यांचे 925 रुपये अधिक जीएसटी पार्टीला देऊन मोकळे झालो.

म्हणजे या ऑर्डरच्या सहा लाल ओळी सगळ्या खोट्या, आणि जी एक खरी गडबड होती ती ओके म्हणून निघून गेली.

चहाबिस्किट
रंग हिरवा करा म्हटलं होतं, तो आधीच केलेला निघाला.

सावंतवाडीकर
925 रुपयांसाठी एवढा गदारोळ? 1,85,000 च्या ऑर्डरवर हा अर्धा टक्का. म्हणूनच मी 5 टक्के म्हणत होतो.

खतावणी
सावंतवाडीकर, टॉलरन्स हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तो कशासाठी आहे ते बघा. मोजमापात जो फरक नाइलाजाने पडतो, त्याच्यासाठी. पार्टीचा काटा वेगळा, आपला वेगळा, पैशांचं राउंडिंग, इतपत. खोके मोजता येतात, तिथे नगांचा टॉलरन्स शून्यच हवा. 2,500 वर 50 म्हणजे 2 टक्के. तुमच्या 5 टक्क्यांत ते निमूट बसलं असतं. आणि ते 50 काही मोजणीतली चूक नव्हती, तो आपण नाकारलेला माल होता. रिजेक्शन टॉलरन्सच्या चाळणीत घालायचंच नाही.

दुसरं म्हणजे नुसता टक्का धोक्याचा. 8 लाखांच्या बिलावर 5 टक्के म्हणजे 40,000, आणि ते कुणी न बघता पास. उलट 600 रुपयांच्या स्टेशनरीच्या बिलात 40 रुपये हमाली वेगळी लावली की ते अडकतं. म्हणून टक्का आणि रुपये अशा दोन्ही मर्यादा लावायच्या आणि त्यातली जी आधी गाठली जाईल ती धरायची. चिल्लर फरकांसाठी रुपयांतली एक छोटी सूट वेगळी ठेवायची, म्हणजे त्या 40 रुपयांवर कुणाची सकाळ जात नाही.

तिसरं कुणी बघत नाही. पार्टीला टॉलरन्स कळतो. सांगावा लागत नाही, दोन-चार बिलांत अंदाज येतो. मग प्रत्येक बिल दीड-दोन टक्के वर येऊ लागतं, आणि कायम वरच, खाली कधी नाही. खरा मोजमापाचा फरक दोन्हीकडे झुकतो. टॉलरन्समध्ये सोडून दिलेल्या रकमांची पार्टीनिहाय तिमाही बेरीज काढा. ज्या पार्टीची बेरीज एकाच बाजूला वाढत जाते, तिला फोन करा.

सावंतवाडीकर
तिमाही बेरजेचं पटलं. पण आमच्याकडे महिन्याला हजारो बिलं आहेत आणि माणसं चार. शून्य टॉलरन्स ऑडिटवाल्यांना बोलायला सोपा. मी 5 चे 2 करीन, खोक्यांना शून्य करणार नाही.

खतावणी
चालेल. भिजलेले खोके तरी त्यात घालू नका.

वसईचा_बॉक्सवाला
मी त्या पलीकडच्या बाजूचा. (ती पार्टी मी नव्हे, आमची ताडपत्री घट्ट असते.)

तुमच्या एक्सेप्शन रिपोर्टमध्ये आमचं बिल अडकलं, हे आम्हाला कुणी सांगतच नाही. फोन केला की उत्तर एकच, 'सिस्टीममध्ये होल्डला आहे'. का होल्डला आहे? ते पर्चेसला विचारा. पर्चेस म्हणतं स्टोअरला विचारा. स्टोअरचा माणूस फोन उचलत नाही. एका कंपनीत माझं बिल 70 दिवस पडून होतं. कारण काय, तर त्यांच्या पर्चेसने भाववाढ मेलवर कबूल केली होती, पण सिस्टीममध्ये पीओ बदलला नव्हता. ते मला कळलं कधी, तर तिथल्या एका भल्या माणसाने स्क्रीनचा फोटो पाठवला तेव्हा. पुठ्ठ्याची मिल मला 70 दिवस थांबत नाही.

आणि 50 खोके भिजले तर 50 चे पैसे कापा ना. 2,500 चं अख्खं बिल का धरून ठेवता?

मंजिरी_सीए
बॉक्सवाले, तुमची उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात असाल, तर 70 दिवस त्यांनाच महाग पडायला हवेत. एमएसएमईडी कायदा 2006, कलम 15. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण कितीही झालं तरी 45 दिवस. करार नसेल तर 15. पीओवर 60 किंवा 90 दिवस छापले म्हणून ते चालत नाहीत. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. आर्थिक वर्ष 2023-24 पासून इन्कम टॅक्सचं 43बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच वजा मिळतो. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्या व्यापाऱ्यांना हे लागू नाही, पण तुम्ही खोके बनवता.

@बोरिवली_स्लो, तुमच्या रिपोर्टशी याचा थेट संबंध आहे. मालाबद्दल तक्रार असेल तर ती डिलिव्हरीपासून 15 दिवसांच्या आत पार्टीला लेखी कळवावी लागते. कळवली नाही, तर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात आणि घड्याळ तेव्हापासून चालतं. रिपोर्टमध्ये ओळ लाल असणं म्हणजे लेखी तक्रार नव्हे, ती तुमच्या तुमच्यात आहे. तेव्हा रिजेक्शनची ओळ आली की त्याच दिवशी पार्टीला मेल गेला पाहिजे, आणि त्या मेलची तारीख रिपोर्टमध्ये रकाना करून दिसली पाहिजे.

2,450 चे पैसे वेळेत द्यावेत हे बॉक्सवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. 46,250 पैकी 45,325 च द्यायचे होते, आता 50 नगांचं क्रेडिट नोट पार्टीकडून मागा आणि तेवढं इनपुट क्रेडिट उलटवा. तुम्ही काढलेलं डेबिट नोट तुमच्या हिशोबापुरतं ठीक आहे, पण जीएसटीत पार्टीची देणी कमी होतात ती तिच्या क्रेडिट नोटने.

वसईचा_बॉक्सवाला
नोंदणी आहे हो. पण तिप्पट व्याज मागितलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते. कायदा मला पाठ आहे, पर्चेस मॅनेजरचा मोबाइल नंबरही पाठ आहे. दुसरा जास्त कामाला येतो.

अण्णा_डोंबिवली
आमच्या सोसायटीत टँकरवाला महिन्याचं बिल देतो. पीओ नाही, जीआरएन नाही. वॉचमन कॅलेंडरवर रेघा मारतो. बिलात कायम दोन टँकर जास्त. हे कसं मॅच करायचं?

चहाबिस्किट
अण्णा, कॅलेंडर हेच तुमचं जीआरएन. फक्त ते टँकरवाल्याने भेट दिलेलं नसावं.

खतावणी
विनोद सोडा, पण अण्णांचा वॉचमन काम चोख करतोय. तो बिल न बघता रेघ मारतो. मी आता जे लिहिणार होतो ते हेच.

तीन कागद जुळवण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा ते तीन वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे लिहिलेले असतात. आपल्याकडे पार्टीचं बिल गाडीबरोबरच येतं. गोदामातला माणूस ते हातात घेतो आणि बघून जीआरएन करतो. बिलात 2,500 तर जीआरएनमध्ये 2,500. मग रिपोर्ट काय जुळवतोय? बिलाशी बिलच. त्या पार्टीच्या ओळी कधीच लाल होणार नाहीत.

हे ओळखायचं कसं? वजनाच्या मालात चटकन कळतं. मोठ्या वे-ब्रिजवर आकडा 5 किंवा 10 किलोच्या पटीत येतो. जीआरएनमध्ये 4,823.5 किलो दिसलं, तर ते तुमच्या काट्यावर मोजलेलंच नाही, बिलावरून उतरवलंय. नगांच्या मालात असं बघा, की एखाद्या पार्टीचे सगळे जीआरएन महिनोन्महिने बिलाशी एका नगाचाही फरक न पडता जुळतायत का. प्रत्यक्ष मोजणीत कधीतरी दोन-चार नग इकडेतिकडे होतातच. तिसरी खूण वेळेची. जीआरएन सिस्टीममध्ये कधी केलं ते तपासा. बिल अकाउंट्सला पोचल्यावर आणि अकाउंट्सने फोन केल्यावर घाईने झालेली जीआरएन असतील, तर ती वेगळी काढून वाचा.

गोदाम_क्र_७
सगळे स्टोअरवाल्यांवर घसरलात, म्हणून लिहितोय. मी भिवंडीलाच आहे, कंपनी वेगळी. दुपारी चारला एकदम सहा गाड्या लागतात. ड्रायव्हरला परतीचं भाडं मिळालेलं असतं, तो हॉर्न वाजवत असतो. हमाल दोघे. 2,500 खोके कोण मोजणार? गठ्ठे मोजतो, एका गठ्ठ्यात 25 धरतो, 100 गठ्ठे झाले की सही. एखाद्या गठ्ठ्यात 24 असतील तर ते मला कळायला गठ्ठा फोडावा लागेल. फोडलेला गठ्ठा प्रॉडक्शनवाले घेत नाहीत.

आणि तपासणी? क्वालिटीचा माणूस दुसऱ्या दिवशी येतो. तोवर मी 'आलेला' टाकतो, 'स्वीकारलेला' रिकामा राहतो. तुमच्या नवीन रिपोर्टमध्ये रिकामा म्हणजे शून्य धरला, तर सगळाच माल रिजेक्ट दिसेल. बघा हं.

निखिल_डेटा
हा मुद्दा अगदी बरोबर. 'स्वीकारलेला' शून्य असणं आणि अजून भरलेलाच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी ठेवायला हव्यात. SUM रिकाम्या जागा गपचूप सोडून देतो, काही बोलत नाही. तपासणी बाकी असलेल्या खेपांची संख्या वेगळ्या रकान्यात दाखवावी लागेल.

खतावणी
@गोदाम_क्र_७, घसरलो नाही. गठ्ठे मोजून 25 ने गुणणं हीसुद्धा मोजणीच आहे, फक्त ती बिल न बघता व्हावी. पीओवरून जीआरएनचा स्क्रीन उघडला की ऑर्डरचा आकडा आधीच भरून येतो, तो बंद करून घेता येतो. चौकट कोरी ठेवली की माणूस निदान गठ्ठे तरी मोजतो. रोज दोन गठ्ठे फोडून बघण्याचं काम क्वालिटीकडे द्यावं, तुमच्याकडे नाही.

गोदाम_क्र_७
चौकट कोरी ठेवलेली एक वर्ष बघितली आहे. हमाल खालून ओरडून विचारतो, 'साहेब, बिलात किती आहेत?'

कोपरखैरणे_लोकल
मला अजून शंका आहे. निखिलच्या बेरजेच्या पद्धतीत दुसऱ्या बिलात 100 नग जास्त आणि तिसऱ्यात 100 कमी असतील, तर शेवटी फरक शून्य. मधल्या वेळी जास्तीचे पैसे जाऊन बसतील, ते?

निखिल_डेटा
दुसरं बिल तपासलं त्या दिवशी बेरीज 7,600 विरुद्ध 7,500 दिसेल, म्हणजे लाल होईल. मात्र रिपोर्ट आठवड्याने चालवला आणि तोवर तिसरंही आलं, तर निसटेल. रोज चालवा.

खतावणी
मी खेपेनुसार जुळवण्याच्या बाजूचा. प्रत्येक बिल त्याच्याच जीआरएनशी. आपल्याकडे बिल गाडीबरोबर येतं, तर जीआरएन करताना पार्टीचा बिल नंबर टाकून घ्या, आणि जोडणी त्यावर करा. सॅपमध्ये पीओच्या ओळीवर GR-Based IV ची खूण केली की बिल खेपेनुसारच तपासलं जातं.

निखिल_डेटा
कागदावर छान. प्रत्यक्षात पार्टीचा नंबर VP/0412/25-26, गोदामात टाकतात 412, अकाउंट्समध्ये VP-412. तिन्ही जुळत नाहीत, पुन्हा सगळं लाल. जीएसटीच्या नियमाने बिल नंबर 16 अक्षरांपर्यंत आणि त्यात तिरपी रेघ, आडवी रेघ चालते, त्यामुळे प्रत्येक पार्टीची तऱ्हा वेगळी. रेघा आणि पुढची शून्यं काढून तुलना केली तर बरंच जुळतं, पण 412 एवढंच टाकणाऱ्याला कोण पकडणार? तोवर बेरीजच बरी.

खतावणी
ई-इनव्हॉइसवर क्यूआर असतो, तो स्कॅन केला की नंबर टाइप करायचाच नाही.

वसईचा_बॉक्सवाला
सगळ्यांना ई-इनव्हॉइस लागू नाही. आमच्यासारख्या लहानांची टर्नओव्हर 5 कोटींच्या आत असते.

बोरिवली_स्लो
आठवड्याने परत आलो. आयटीचा मुलगा समजूतदार निघाला, निखिलची क्वेरी दाखवली तर दोन दिवसांत बदलून दिली. आता एका ऑर्डर-ओळीची एकच ओळ, 'स्वीकारलेला' रकाना, आणि तपासणी बाकी वेगळं. काल 60-65 ओळी होत्या. सगळ्या वाचता आल्या.

मंजिरीताई आणि बॉक्सवाले यांच्या बोलण्यावरून एक गोष्ट वाढवली. प्रत्येक ओळीपुढे आता ती कुणाच्या दारात आहे ते लिहून येतं. दर जुळत नसेल तर पर्चेस, जीआरएन नसेल तर गोदाम, रिजेक्शन असेल तर आम्ही पार्टीला मेल टाकतो आणि तारीख भरतो. 50 खोक्यांचा मेलही टाकला, 15 दिवस केव्हाच उलटलेत तरी. पार्टीने क्रेडिट नोट द्यायचं कबूल केलं, कुरकुर न करता.

अडलोय एका ठिकाणी. बिल आलंय, जीआरएन नाही, अशा ओळी सगळ्यात जास्त आहेत. त्यातल्या बऱ्याच नुसत्या वाट बघण्याच्या, भिवंडीहून एन्ट्री व्हायला एक-दोन दिवस जातात. त्या किती दिवसांनी लाल करायच्या? साहेब म्हणतात 7, मी म्हणतो 3.

खतावणी
दिवस मोजण्याआधी गेटचं रजिस्टर बघा. गेटवर गाडीची नोंद असेल आणि जीआरएन नसेल, तर ते गोदामाचं राहिलेलं काम आहे, 3 दिवस ठीक. गेटवर नोंदच नसेल, तर बिल आलंय पण गाडी आलेली नाही. तिथे पहिल्याच दिवशी लाल करा. गेट एन्ट्री सिस्टीममध्ये आहे का तुमच्याकडे?

बोरिवली_स्लो
वही आहे. सिक्युरिटीवाल्याच्या टेबलावर.

गोदाम_क्र_७
आमच्याकडेही वहीच. गाडी नंबर आणि वेळ असते, पार्टीचं नाव अर्ध्या वेळा 'खोका' एवढंच. ई-वे बिलावर गाडी नंबर असतो, त्यावरून शोधता येईल कदाचित. वसईहून एकच टेम्पो दिवसाला दोन फेऱ्या मारतो तेव्हा काय करायचं ते विचारू नका.

मंजिरी_सीए
महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या आतल्या मालाला बहुतेक वेळा ई-वे बिल लागत नाही, तेव्हा लहान खेपा त्यातही सापडणार नाहीत. वहीत बिल नंबरचा एक रकाना आखून द्या. आणि 7 की 3 हे ठरवताना एमएसएमई पार्टी वेगळ्या काढा, त्यांच्या बाबतीत 7 दिवस नुसते वाट बघण्यात घालवू नका.

सावंतवाडीकर
पर्चेसच्या दारात किती ओळी आल्या ते पण सांगा. कालपासून आमच्याकडेही असेच मेल येतायत म्हणून ऑफिसात चर्चा आहे, म्हटलं हा रिपोर्ट इकडेही पोचला की काय.